चार मिलिमीटर, पंधरा मिलिमीटर

एक कोरा ए-फोर कागद समोर घ्या. पडद्यावरचा नको, हातात धरता येईल असा. सोबत पट्टी आणि पेन्सिल असू द्या. फोटो अजून नकोत. ते डब्यात, पाकिटात, मोबाइलमध्ये जिथे असतील तिथेच राहू देत. अल्बम फोटोंनी सुरू होतो असं वाटतं, पण पानावर दोन फोटो नांदायचे असतील तर आधी त्यांच्यामधली मोकळी जागा ठरवावी लागते.

कागदावर दोन आयत काढा, एकाखाली एक. मोजमाप नको, अंदाजानेच काढा. आता दोघांच्या बरोबर मधोमध एक ओळ लिहा, कुठल्याही फोटोखाली असते तशी: ‘गावचं घर, उन्हाळ्याची सुट्टी.’ कागद हातभर लांब धरा आणि थोडा वेळ बघत राहा. ही ओळ कुणाची? वरच्या आयताचा मजकूर की खालच्या आयताचं शीर्षक? नजर वर जाते, खाली येते, पुन्हा वर जाते. तुम्ही स्वतः लिहिलेली ओळ असूनही ठाम सांगता येत नाही.

ती ओळ खोडा. आता तीच वरच्या आयताला जवळजवळ चिकटवून लिहा, मध्ये जेमतेम चार मिलिमीटर सोडून. पुन्हा बघा. प्रश्न मिटलेला असेल. बाण काढला नाही, रेघ मारली नाही, ‘वरील छायाचित्रात’ असं लिहिलं नाही, तरी ओळ वरच्या फोटोची झाली. जे जवळ असतं ते डोळा एकत्र धरतो. दोन फोटोंच्या पानाचं जवळपास सगळं शास्त्र यावर उभं आहे. फोटो आणि त्याची ओळ यांच्यातलं अंतर लहान हवं, आणि ती ओळ व पुढचा फोटो यांच्यातलं त्याच्या तिप्पट-चौपट. शिवाय ही दोन्ही अंतरं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तीच राहायला हवीत. एका पानावर चार आणि दुसऱ्यावर नऊ झाली, तर वाचणाऱ्याला कारण कळणार नाही, पण प्रत्येक पानावर त्याची नजर नव्याने वाट शोधत बसेल.

आता पट्टी हातात घ्या. कागद २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ उंच आहे. वर वीस आणि खाली वीस मिलिमीटर सोडा. उरले २५७. या २५७ मध्ये दोन फोटो, दोन मजकूर आणि मधली अंतरं बसवायची आहेत. मजकुरासाठी १२ मिलिमीटर ठेवा. अकरा पॉइंटच्या अक्षरांत, सोळा पॉइंटच्या अंतराने लिहिलेल्या दोन ओळी त्यात बसतात. इंग्रजीसाठी सोळा जास्त वाटतील, पण देवनागरीला खाली उकार असतो आणि वर वेलांटी, मात्रा, रफार. अंतर कमी केलं की वरच्या ओळीचा ‘कू’ खालच्या ओळीतल्या ‘र्ती’वर येऊन टेकतो. फोटो आणि मजकूर यांच्यात ४, दोन जोड्यांच्या मध्ये १५. म्हणजे एका जोडीत मजकूर आणि अंतर मिळून १६, दोन जोड्यांचे ३२, मधले १५, एकूण ४७. २५७ मधून ४७ गेले, २१० राहिले. प्रत्येक फोटोच्या वाट्याला १०५ मिलिमीटर उंची आली.

हे आकडे कागदाच्या कडेला लिहा: १०५, ४, १२, १५, १०५, ४, १२. बेरीज स्वतः एकदा करून बघा, २५७ येते. पुढे काहीही झालं तरी हे सात आकडे हलवायचे नाहीत.

रुंदीचं काम सोपं आहे. झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल करून घेणार असाल तर डावीकडे २५ आणि उजवीकडे १५ सोडा, कारण स्पायरलची भोकं डाव्या कडेचा बराच भाग खातात. फक्त मोबाइलवर बघायचा अल्बम असेल तर दोन्हीकडे वीस-वीस. दोन्ही वेळा मधले १७० मिलिमीटर उरतात. पाठपोट छापणार असाल तर मात्र मागच्या पानावर २५ उजवीकडे न्यावे लागतील. माझा सल्ला एका बाजूने छापण्याचा आहे, कारण फोटोंचा गडद भाग साध्या कागदाच्या मागे दिसतो.

आता फोटो बाहेर काढा, पण सगळे नकोत. एक जुना आणि एक नवा, दोनच. मी इथे पाटण तालुक्यातल्या एका घराचे दोन फोटो घेते. एक आत्याच्या डब्यातला, काळा-पांढरा, चौरस. आग्फा क्लिक थ्री नावाच्या कॅमेऱ्याने काढलेला. त्या कॅमेऱ्यात १२० चा रोल लागायचा आणि त्यावर सहा सेंटिमीटरचे बारा चौरस यायचे. निगेटिव्ह जेवढी तेवढाच फोटो, तळहातावर मावणारा. दुसरा त्याच घराचा, मामेभावाने मोबाइलवर काढलेला, आडवा, चारास तीन प्रमाणाचा.

दोघांना १०५ च्या चौकटीत बसवायचं आहे. प्रत्यक्षात फोटोची उंची १०४ धरा, उरलेला एक मिलिमीटर कशाला लागतो ते पुढे येईल. चौरस फोटो १०४ बाय १०४ झाला. १७० मध्ये ठेवल्यावर दोन्ही बाजूंना ३३ मिलिमीटर कोरे राहिले. मोबाइलचा फोटो १०४ उंचीला जवळपास १३९ रुंद झाला, दोन्ही बाजूंना पंधरा-साडेपंधरा राहिले. कडा जुळत नाहीत. इथे हात शिवशिवतो. वाटतं, चौरसाला वरखाली थोडं कापून आडवा करावा, म्हणजे दोन्ही फोटो सारखे दिसतील.

थांबा. चौरस फोटोच्या वरच्या पट्टीत काय आहे ते बघा. कौलांची कड आहे, वाशाला टांगलेला कंदील आहे. खालच्या पट्टीत पडवीच्या पायरीवर काढून ठेवलेल्या चपला आहेत, मोजल्या तर फोटोतल्या माणसांपेक्षा एक जोड जास्त. फोटो काढणाऱ्याची ती जोडी असेल. रुंदी सारखी करण्यासाठी हे कापलं तर जे गेलं ते अल्बममधून कायमचं गेलं, कारण पीडीएफ पुढे दहा घरांत जाते आणि मूळ फोटो एकाच डब्यात राहतो. सारखेपणा हवा, पण तो अंतरांत. फोटो रुंद असो, अरुंद असो, चौरस असो, चारही बाजूंनी पूर्ण राहील. उभा फोटो तर १०४ उंचीला सत्तरच्या आसपासच रुंद होतो आणि दोन्हीकडे जवळपास पन्नास-पन्नास मिलिमीटर कोरा कागद सोडतो. तो कागद भरून काढायची घाई करू नका. दोन उभे फोटो शेजारी-शेजारी ठेवावेत असंही मनात येईल. तसं केलं की त्या पानावर मजकुराची जागा बदलते, ओळी अरुंद होतात, आणि सात आकड्यांचा हिशेब मोडतो.

एकच आकार खरोखर अडचण आणतो, तो म्हणजे शाळेचा किंवा लग्नातला लांबलचक ग्रुप फोटो. तो रुंदीला १७० वर अडतो. रुंदी उंचीच्या दुप्पट असेल तर उंची ८५ येते आणि चौकटीत वीस मिलिमीटर रिकामे राहतात. हे वीस कुठे ठेवायचे? फोटो चौकटीच्या वर टेकवला तर रिकामी जागा फोटो आणि मजकूर यांच्या मध्ये येते, चारचे चोवीस होतात आणि मजकूर पोरका होतो. मधोमध ठेवला तर चारचे चौदा होतात, आणि चौदा म्हणजे जवळपास पंधराच. कागदावरचा पहिला प्रयोग आठवा, ती मधोमध लिहिलेली ओळ. म्हणून फोटो नेहमी चौकटीच्या तळाशी बसवायचा. रिकामी जागा वर गेली की ती नुसती मोकळी हवा होते, कुणाचं नातं तोडत नाही.

आता फोटोच्या आत बघू. छापल्यावर तो स्पष्ट येईल का, हे आधीच कळू शकतं. कागदावर चांगल्या छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके धरतात. १०४ मिलिमीटर म्हणजे चार इंचांहून किंचित जास्त, म्हणजे उंचीला साधारण १२३० ठिपके लागतील. पानावर दोनच फोटो ठेवण्याचा हा मोठा फायदा आहे, फोटो फार मोठा होत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला १६०० बाय १२०० चा फोटोसुद्धा इथे जवळपास पुरतो. तरीही नातेवाइकांकडून फोटो मागवताना ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे वाटेत त्यांची काटछाट होत नाही.

जुना चौरस फोटो स्कॅन करताना मात्र हिशेब करा. सहा सेंटिमीटर ३०० वर स्कॅन केले तर ७०० च्या आसपास ठिपके मिळतात. ते १०४ मिलिमीटरवर ताणले की इंचाला १७० उरतात आणि चेहरे मऊ, पुसट होतात. तोच फोटो ६०० वर स्कॅन केला तर १४०० हून जास्त मिळतात आणि पुरून उरतात. फोटो मूळ आकारापेक्षा जेवढ्या पट मोठा करायचा, तेवढ्या पटीने स्कॅन वाढवायचा. स्कॅनरमधून काढण्यापूर्वी फोटो उलटा करा आणि पाठही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेली तारीख, अल्बममधून उपटताना चिकटून आलेला काळा कागद, हे सगळं मजकूर लिहिताना कामाला येतं.

मजकुरापाशी आता सावकाश बसा. दोन ओळी आहेत, जास्त नाहीत.

चौरस फोटो समोर ठेवा आणि आपल्याला माहीत नसलेल्या माणसासाठी लिहायचं आहे असं समजा. ‘आजी पडवीत’ असं लिहिलं तर कुणाची आजी? हा अल्बम चुलत, मावस, आते, मामे सगळ्यांकडे जाणार आहे. माझी आजी कुणाची काकू आहे, कुणाची आत्या, आणि पुढच्या पिढीतल्या पोरांची पणजी. प्रत्येक घरात ‘आई’ वेगळी असते. म्हणून मजकुरात नातं एकट्याने येऊ देऊ नका, त्यासोबत नाव लिहा. बाईचं नाव असेल तर सासरचं आणि माहेरचं दोन्ही लिहा. लग्नात नावसुद्धा बदललेलं असेल तर तेही. माहेरच्या लोकांनी तिला एका नावाने हाक मारली आणि सासरच्यांनी दुसऱ्या. एकच नाव लिहिलं की फोटोतली बाई अर्ध्या नातेवाइकांसाठी अनोळखी होते. चार-पाच माणसं असतील तर ‘डावीकडून’ असा क्रम द्या, दोन रांगा असतील तर उभे आणि बसलेले वेगळे. सगळे ओळखू येत नसतील तर ज्याची ओळख पटत नाही त्याची जागा क्रमात मोकळी ठेवा, पण त्याला वगळू नका. नाहीतर पुढची सगळी नावं एकेक घर सरकतात.

मग तारीख. या चौरस फोटोच्या पाठीवर काही लिहिलेलं नाही. पण आत्या फोटो हातात घेऊन म्हणाली, “ही भिंत भूकंपानंतरची. आधीची मातीची होती, ती पडली.” कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला. म्हणजे फोटो त्याआधीचा असूच शकत नाही. माणसांच्या अंगावर पातळ कपडे आहेत, अंगणात आंब्याची अढी घातलेली दिसते, तेव्हा दिवस उन्हाळ्याचे. इथवर आपल्याला कळतं, पुढचं कळत नाही. मग तेवढंच लिहा: ‘पाटणजवळचं घर, भूकंपानंतर बांधलेली पडवीची भिंत. १९६८ किंवा त्यानंतरचा उन्हाळा.’ नुसतं ‘१९६८’ लिहायचा मोह होतो, ते नेटकंही दिसतं. पण एकदा छापलेलं साल पुढे कुणी तपासत नाही. ‘किंवा त्यानंतरचा’ हे दोन शब्द जागा घेतात, त्यांना ती द्या.

आता हे पान खाली ठेवा आणि विचार करा, या फोटोखाली दुसरा कोणता? सालवारीने गेलं तर डब्यातला पुढचा फोटो येईल. मी इथे मामेभावाचा मोबाइलवरचा फोटो ठेवते, कारण त्यात तीच पडवी, तीच भिंत आहे. वर भिंत नवी आहे, खाली तिला गिलाव्याचे तीन थर चढलेले आहेत. फोटो एकाखाली एक आले की वाचणारा आपोआप तुलना करतो, तुम्ही सांगा वा सांगू नका. म्हणून ज्यांची तुलना होऊ नये असे फोटो एका पानावर आणू नका. बारशाचा आणि अखेरच्या आजारपणाचा फोटो सालवारीने शेजारी आले, तर एका फोटोची जागा पुढच्या पानावर करा. फोटोंची संख्या विषम असेल तर शेवटच्या पानावर वरच्याच चौकटीत एक फोटो ठेवा आणि खालची चौकट कोरी सोडा. त्याला मोठा करून पान भरू नका.

आता संगणकाकडे वळा. मी हे लिबरऑफिसच्या रायटरमध्ये करते, तो फुकट मिळतो आणि त्यात देवनागरी जोडाक्षरं नीट येतात. पानाच्या मापात ए-फोर निवडा. समास वर २ सेंटिमीटर, डावीकडे २.५, उजवीकडे १.५ आणि खाली २ ऐवजी १.५ भरा. खाली अर्धा सेंटिमीटर कमी का? आपला तक्ता बरोबर २५७ मिलिमीटरचा होणार आहे, आणि रायटर प्रत्येक तक्त्याखाली एक रिकामी ओळ ठेवतो, ती सहजी पुसता येत नाही. तिला जागा मिळाली नाही तर ती पुढच्या पानावर उडी मारते आणि प्रत्येक पानानंतर एक कोरं पान निघतं. अल्बममध्ये एकाआड एक कोरी पानं आली तर कारण हेच असतं. म्हणून तिला खाली पाच मिलिमीटर दिले आणि तिच्या अक्षरांचा आकार २ पॉइंट केला. डोळ्याला खालचा समास वीसच दिसतो.

एक स्तंभ आणि सात ओळींचा तक्ता घाला. कडांच्या रेघा काढून टाका आणि आतलं अंतर शून्य करा, नाहीतर प्रत्येक खण गुपचूप थोडा मोठा होतो. आता एकेका ओळीत कर्सर ठेवून `Table`, `Size`, `Row Height` उघडा, उंची भरा आणि `Fit to size` वरची खूण काढा. ती खूण राहिली तर भरलेली उंची फक्त किमान ठरते आणि मजकूर वाढला की ओळ फुगते. खूण काढली की १०५ म्हणजे १०५. फोटोच्या आणि अंतरांच्या ओळींमध्ये अक्षरांचा आकार २ पॉइंट करा. फोटोच्या खणाला तळाशी टेकणं आणि मधोमध येणं लावा. फोटो घातल्यावर त्याचा नांगर `As Character` ठेवा आणि उंची १०.४ सेंटिमीटर भरा, प्रमाण राखण्याची खूण शाबूत ठेवून. ग्रुप फोटोला उंचीऐवजी रुंदी १७ भरा. फोटो इथे एका मोठ्या अक्षरासारखा ओळीवर उभा राहतो आणि ओळीखाली अक्षरांच्या शेपट्यांसाठी थोडी जागा सुटतेच. राखलेला एक मिलिमीटर त्यासाठी. अक्षरं बारा पॉइंटची ठेवली तर ही जागा वाढते आणि फोटोची खालची कड कापली जाते.

मोबाइलचा फोटो घालताना रायटर कधी विचारतो की फोटो फिरवलेला आहे, सरळ करू का? हो म्हणा. फोन पुष्कळदा फोटो आडवाच साठवतो आणि ‘उभा दाखवा’ एवढी चिठ्ठी फाइलमध्ये ठेवतो. ती चिठ्ठी न वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये माणसं कुशीवर निजलेली दिसतात.

एक पान पूर्ण झालं की उरलेली पानं त्याचीच प्रत काढून बनवा, नव्याने मापं भरू नका. प्रत्येक तक्ता नव्या पानावर सुरू होईल असं त्याच्या `Text Flow` मध्ये ठरवा.

पीडीएफ करताना चित्रांची घनता 300 DPI आणि दर्जा 90% ठेवा. मग पीडीएफ उघडून एकेक पान पूर्ण दिसेल असं लावा आणि पानं भरभर उलटा. मजकूर वाचू नका, फक्त जागा बघा. मजकुराच्या पहिल्या ओळी पानापानावर त्याच उंचीवर थांबलेल्या दिसल्या पाहिजेत. एखादं पान उडी मारतंय असं वाटलं तर तिथे एखाद्या ओळीची `Fit to size` ची खूण राहिलेली आहे. दुसऱ्यांदा उलटताना फक्त मजकुराचा शेवट बघा. वाक्य अर्ध्यात तुटलं असेल तर मजकूर तीन ओळींचा झालाय. उंची पक्की असल्यामुळे तिसरी ओळ नुसती अदृश्य होते, कुणी सूचना देत नाही. मजकूर कमी करा, खण वाढवू नका.

छापायला देताना आधी एकच पान काढून घ्या आणि दुकानातच पट्टी लावा. फोटो १०४ भरला पाहिजे. १०० किंवा १०१ भरला तर प्रिंटच्या खिडकीत `Fit` निवडलेलं आहे. `Actual size` करायला सांगा आणि मगच बाकीची पानं काढा.

ते एक पान आत्याला दाखवा. ती फोटो बघेल, मजकूर वाचेल आणि म्हणेल, “ही भिंत नंतर पुन्हा बांधली गं, धाकट्याच्या लग्नाआधी.” मग तक्त्याच्या तिसऱ्या ओळीत जा, दोन ओळींच्या मर्यादेत साल बदला आणि पुन्हा पीडीएफ करा. बाकीचं एकही पान तसूभर हलणार नाही. फाइलच्या नावात तारीख घाला, म्हणजे जुनी प्रत ज्यांच्याकडे गेली असेल त्यांना नवी कोणती ते कळेल.